कढईला लेबल नसते

वसतिगृहातील मुलांसाठी घरून येणाऱ्या खाऊत खारी, टोस्ट आणि शेव हमखास असते. हा खाऊ घेताना पालकांनी पाकिटाची मागची बाजू वाचावी, असे आमचे मत आहे. पुढे ठळक अक्षरांत ‘ट्रान्स फॅट नाही’ असे असले, तरी शंभर ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तसे छापण्याची कायद्याला हरकत नाही. मागच्या घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’, म्हणजे आपले डालडासारखे वनस्पती तूप, दिसले की थांबावे. तेल घट्ट करण्याची ही प्रक्रिया अर्धवट राहिली की ट्रान्स फॅट तयार होते. २०२२ पासून पदार्थातील एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्क्यांहून अधिक ट्रान्स फॅट चालत नाही. शंभर ग्रॅम खारीत तीस ग्रॅम स्निग्धांश असेल, तर मर्यादा ०.६ ग्रॅमची झाली.

पाकिटाचे हे गणित निदान मांडता तरी येते. आम्हाला अधिक चिंता वाटते ती सुट्या खारीची आणि तळणीच्या कढईची. तेच तेल पुनःपुन्हा तापवल्याने ट्रान्स फॅट थोडेच वाढते. परंतु तेलाचे विघटन होऊन त्यात ‘पोलर’ संयुगे साचत जातात. त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. मोजण्याचे साधन नसले, तरी काळसर रंग, चिकटपणा, न विरणारा फेस आणि लवकर निघणारा धूर डोळ्यांना दिसतोच. त्यात नवे तेल ओतल्याने जुने ताजे होत नाही. स्नेहसंमेलनाच्या भज्यांचे असे उरलेले तेल गाळून पुढच्या आठवड्यासाठी ठेवण्याची काटकसर आपल्या भोजनगृहाने करू नये.