बेकायदा झडती, कायदेशीर पुरावा!

पोलीस अधिकाऱ्याने कायदा मोडून एखाद्याच्या घराची झडती घ्यावयास सुरुवात केली तर घरातील माणसाला त्या झडतीला विरोध करता येतो. परंतु हा विरोध न करता त्याने मुकाट्याने दार उघडले आणि आत काही सापडले, किंवा सापडले असे पोलिसांनी लिहिले, तर ती वस्तू त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात खुशाल दाखल होते. झडती बेकायदा, जप्ती मात्र शाबूत! 1963 साली राधाकिशन विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम स्पष्ट शब्दांत सांगितला. न्यायालयाच्या मते झडतीच्या बेकायदेशीरपणाचे परिणाम दोनच: एक, घरमालक तिला विरोध करू शकतो, आणि दुसरा, न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक काळजीपूर्वक तपासू शकते. याहून पुढे काहीही घडत नाही.

रात्री दोन वाजता दहा शिपाई चाळीतील खोलीचे दार ठोठावतात, तेव्हा त्या खोलीतील कामगाराने कायद्याची कलमे तपासावीत, वॉरंट वाचावे, अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवली आहेत किंवा नाहीत याचा निर्णय करावा आणि मग विरोध करावा, अशी ही अपेक्षा आहे. त्याचा अंदाज चुकला तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा आणखी एक गुन्हा त्याच्या माथी बसतो. ज्या हक्काचा वापर करण्यासाठी अंगावर लाठी झेलावी लागते आणि ज्याची भरपाई नंतर कोणतेही न्यायालय करीत नाही, त्याला हक्क म्हणणे ही श्रमजीवी माणसाची थट्टा आहे.

कायद्यात बंधने लिहिलेली नाहीत असे कोणी म्हणू नये. वॉरंट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तपासाच्या निकडीत पोलीस अधिकारी वॉरंटावाचूनही झडती घेऊ शकतो. पण त्यासाठी आपल्याला तसे का वाटते याची कारणे व कोणती वस्तू शोधावयाची हे त्याने आधी लिहून ठेवले पाहिजे आणि त्या नोंदीची प्रत मॅजिस्ट्रेटकडे पाठवली पाहिजे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 165 व्या कलमात हे होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 185 व्या कलमात ते आहे, आणि प्रत पाठवण्यास आता 48 तासांची मर्यादाही घातलेली आहे. झडतीपूर्वी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावले पाहिजे. तेथे कोणी मिळत नसेल किंवा कोणी तयार होत नसेल तरच बाहेरचे पंच घेता येतात. सापडलेल्या वस्तूंची यादी पंचांसमक्ष तयार व्हावी, तीवर त्यांच्या सह्या व्हाव्यात, घरातील माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे आणि यादीची प्रत त्याच्या हाती द्यावी. जुन्या संहितेचे 100 वे कलम आणि नव्या संहितेचे 103 वे कलम हेच सांगते.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे पंच. खोलीत सत्तेचे प्रतिनिधी अनेक असतात, घरमालक एकटा असतो; ज्याला या खटल्यात काही मिळवावयाचे नाही असा त्रयस्थ तेवढा पंच असतो. म्हणूनच पोलिसी खाक्याने प्रथम त्यालाच पोखरले आहे. चौकीजवळचा पानवाला, ज्याच्यावर स्वतःवरच खटला चालू आहे असा इसम, वरिष्ठांच्या हुकमाने पाठवलेला सरकारी नोकर, हे ठरलेले पंच होत. पंचनामा आधीच लिहून तयार असतो. सही तेवढी घ्यावयाची राहते.

28 ऑगस्ट 2018 रोजी पुणे पोलिसांनी देशाच्या निरनिराळ्या शहरांतून पाच कार्यकर्त्यांना अटक केली. त्यांपैकी दिल्ली व फरिदाबाद येथील अटकेच्या कागदावर ज्या पंचांच्या सह्या होत्या, ते पुण्याहून पोलिसांबरोबरच आलेले पुणे महानगरपालिकेचे नोकर होते, ही गोष्ट न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातील आपल्या भिन्नमतात नोंदवली. अटकेच्या कागदावर कुटुंबातील किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी, असा कायदा असताना हे घडले. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने तपास विशेष पथकाकडे देण्याचे नाकारले. देशाच्या राजधानीत, नामांकित वकिलांच्या डोळ्यांदेखत पंच बरोबर घेऊन जाता येतात, तर आडगावच्या शेतमजुराच्या झोपडीत काय होत असेल?

प्रश्न असा की, कायदा मोडून मिळवलेला पुरावाही चालतो हे तत्त्व आपल्याकडे आले कोठून? भारताच्या राज्यघटनेतून ते आले नाही. त्याचा उगम पाहण्यासाठी केनियातील एका रस्त्यावर जावे लागते.

1952 साली ब्रिटिश साम्राज्यशाहीने केनियात आणीबाणी पुकारली. काडतुसे बाळगणाऱ्याला फाशी, असा तेथील नियम होता. कुरुमा नावाचा एक आफ्रिकी मजूर मालकाच्या मळ्यातून आपल्या लोकांच्या राखीव प्रदेशाकडे सायकलीने चालला होता. वाटेत नाक्यावर त्याला अडवून त्याची अंगझडती घेण्यात आली, आणि त्याच्या कपड्यांत दोन काडतुसे व एक चाकू सापडला असे पोलिसांनी सांगितले. अशी झडती असिस्टंट इन्स्पेक्टर किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावी, असे खुद्द आणीबाणीचे नियम सांगत होते. येथे ती घेणारे त्याहून खालच्या दर्जाचे होते. चाकू न्यायालयापुढे आलाच नाही. तो आरोपीला परत केला असे सांगण्यात आले. झडतीच्या वेळी हजर असलेल्या तीन माणसांना साक्षीला बोलावले नाही. ज्या दुसऱ्या वाटेने गेल्यास झडती टळली असती ती सोडून, काडतुसे खिशात घेऊन, हा माणूस नेमका नाक्याच्याच वाटेने का गेला, याचा उलगडा कोणी केला नाही. तिन्ही असेसरांचे मत आरोपीला सोडावे असे पडले. न्यायाधीशाने ते बाजूला सारून फाशी सुनावली.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तेथील निर्णय 1955 च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. पुरावा विषयाला धरून असेल तर तो चालतो, तो कसा मिळवला याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नाही, असा त्याचा आशय. गंमत अशी की, वस्तुस्थितीबद्दल मनात शंका राहिल्यामुळे त्याच न्यायाधीशांनी वसाहतमंत्र्यांचे लक्ष या प्रकरणाकडे वेधले. पण अपील मात्र फेटाळले. ज्या पुराव्यावर त्यांचा स्वतःचाच पुरता विश्वास बसत नव्हता, तो त्यांनी फाशीसाठी पुरेसा ठरवला. आरोपीवर अन्याय होत असेल तर असा पुरावा नाकारण्याची मुभा न्यायाधीशाला आहे, असेही त्या निकालात म्हटले होते. कुरुमाला त्या मुभेचा उपयोग झाला नाही.

वसाहतीत मजुराच्या गळ्याभोवती आवळलेला हा दोर स्वतंत्र भारताने जपून ठेवला. 1974 साली पूरणमल खटल्यात आयकर खात्याच्या धाडींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा कुरुमा निकालाचा आधार घेऊन न्यायालयाने ठरवले की, राज्यघटना किंवा एखादा कायदा स्पष्ट मनाई करीत नाही तोवर बेकायदा झडतीतील पुरावाही ग्राह्य आहे. धाड पडली होती श्रीमंतांवर, आणि त्यांच्या दडवलेल्या धनाबद्दल कोणाला कळवळा वाटण्याचे कारण नाही. परंतु धनिकाजवळ हिशेबनीस असतो, वकील असतो, धाडीची कुणकुणही त्याला लागते. त्याच्या खटल्यात घडवलेले हत्यार पुढे वापरले जाते ते ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याच्यावर.

येथे नेहमीचा आक्षेप येतो: लेखी नोंद राहिली, पंच परगावचा निघाला, म्हणून खऱ्या गुन्हेगाराला सोडावयाचे काय? या आक्षेपात एक लबाडी आहे. वस्तू खरोखर तेथे होती, हे तो गृहीत धरतो. वस्तू तेथे होती की आणून ठेवली, हाच तर वाद असतो, आणि तो सोडवण्याचे साधन म्हणजे पंच, लेखी कारणे व यादीची प्रत. ही साधने मोडणाऱ्याचाच शब्द प्रमाण मानावयाचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. 1999 साली बलदेवसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अमली पदार्थांच्या कायद्यापुरते हे ओळखले. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर अंगझडती व्हावी हा आरोपीचा हक्क त्याला सांगितला नसेल, तर त्या झडतीत मिळालेला माल त्याच्या ताब्यात होता हे सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही, असे ठरले. पूरणमलचा दाखला येथे लागू पडत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. आभाळ कोसळले नाही. मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे. हातातील पिशवीला ते लागू नाही, आणि खोलीच्या झडतीला तर नाहीच.

तोवर प्रत्येक खटल्यात लढाई पंचनाम्याच्या कागदावरच लढावी लागते. पंचनाम्यावर गुन्ह्याचा क्रमांक आहे आणि फिर्याद नोंदल्याची वेळ मात्र त्यानंतरची आहे, तर तो कागद घटनास्थळी लिहिलेला नाही अशी शंका येते. पंच त्याच ठाण्याच्या आणखी किती खटल्यांत पंच होता, तो राहतो कोठे, वस्तीतील कोणाला बोलावण्याचा प्रयत्न झाला काय, मुद्देमालावर लाखेचे सील व पंचांच्या सह्यांचे लेबल होते काय, यादीची प्रत घरमालकाला दिल्याची पोच कोठे आहे, हे उलटतपासात विचारलेच पाहिजे. अधिक काळजीपूर्वक तपासणी करू, हे राधाकिशन निकालातील वचन या प्रश्नांतूनच वसूल होते. तरीही पंच फितूर झाला किंवा खोटा ठरला म्हणून खटला आपोआप पडत नाही; तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर केवळ तीवरही शिक्षा होऊ शकते.

नव्या संहितेच्या 105 व्या कलमाने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवणे बंधनकारक केले. याचा मोठा गाजावाजा झाला. पण चित्रण केले नाही, अर्धेच केले, वस्तू सापडल्यानंतर सुरू केले, तर त्या जप्तीचे काय? कलम मूक आहे. जुनी बंधने ज्या कारणाने पोकळ ठरली तेच कारण नव्या बंधनाच्या पोटात ठेवून दिलेले आहे.

उपाय अज्ञात नाही. 1983 साली विधी आयोगाने आपल्या 94 व्या अहवालात पुरावा कायद्यात 166 अ हे कलम घालण्याची शिफारस केली होती. बेकायदा मार्गाने मिळवलेला पुरावा स्वीकारल्यास न्यायदानाची अप्रतिष्ठा होईल असे दिसल्यास तो नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा, असे तिचे स्वरूप होते. यात प्रत्येक क्षुल्लक चुकीसाठी आरोपी सुटत नाही. जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्याला मात्र त्याचे फळ मिळत नाही. चाळीस वर्षांनी, 2023 साली, वसाहतवादाची निशाणी पुसतो अशी घोषणा करीत सरकारने पुरावा कायदा नव्याने लिहिला. नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले. 166 अ त्यात आले नाही. केनियाच्या नाक्यावरचा नियम मात्र जागच्या जागी राहिला.

झडतीत कायदा मोडला तर जप्तीही मोडेल, एवढे एक वाक्य कायद्यात लिहून घेणे ही आता जनतेच्या लोकशाही हक्कांच्या चळवळीची मागणी असली पाहिजे. ते लिहिले जाईपर्यंत पंचाची सही ही शाईच राहील, साक्ष होणार नाही.