अर्थविचार : शून्य शिल्लक म्हणजे शून्य नफा नव्हे

आपल्यापैकी अनेकांची बचत पेन्शन फंडाच्या मार्गाने कंपन्यांच्या भागांत गुंतलेली असते. त्या कंपन्यांच्या अहवालांत एखाद्या प्रकल्पाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजेच एनपीव्ही, शून्य असल्याचे वाचले की प्रकल्पात काहीच मिळणार नाही, असा अर्थ सहज लावला जातो. तो बरोबर नाही. का, हे एका कल्पित कंपनीच्या उदाहरणाने पाहू.

या कंपनीचे १०,००० भाग आहेत आणि तिच्यावर कर्ज नाही. तिचे एकूण मूल्य ५ लाख पौंड, म्हणजे प्रत्येक भागाचे ५० पौंड. या ५ लाखांपैकी १ लाख पौंड रोख शिल्लक आहे. ती एका यंत्रात गुंतवावी की भागधारकांना वाटून टाकावी, असा प्रश्न संचालकांपुढे आहे. तितक्याच जोखमीच्या अन्य गुंतवणुकीत भागधारकांना वर्षाला १० टक्के मिळू शकतात. म्हणून १० टक्के हा आवश्यक परतावा ठरतो.

समजा, यंत्रापासून पहिल्या वर्षाअखेर ५५,००० आणि दुसऱ्या वर्षाअखेर ६०,५०० पौंड हाती येतील व त्यानंतर यंत्राची किंमत उरणार नाही. वर्षानंतरचे ५५,००० आजचे ५०,००० होतात, कारण ५०,००० वर १० टक्के मिळवले की ५५,००० होतात. दोन वर्षांनंतरचे ६०,५०० याच रीतीने आजचे ५०,००० ठरतात. बेरीज १ लाख, खर्चही १ लाख. म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य शून्य.

आता यंत्राचे खाते मांडून पाहा. पहिल्या वर्षी १ लाखावर १०,००० पौंड परतावा देय होतो. आलेल्या ५५,००० मधून तो दिल्यावर ४५,००० मुद्दलाकडे जातात आणि ५५,००० मुद्दल उरते. दुसऱ्या वर्षी त्यावर ५,५०० देय होतात. मुद्दल आणि परतावा मिळून ६०,५०० होतात आणि नेमकी तेवढीच रक्कम येते. खाते पैशाशी पैसा जुळून बंद होते. भांडवल परत मिळाले आणि अडकून राहिलेल्या प्रत्येक पौंडावर १० टक्के मोबदलाही मिळाला. शून्य उरले ते या मोबदल्यानंतर.

आता आवक ६६,००० आणि ७२,६०० पौंड धरा. पहिल्या वर्षाअखेर १०,००० परतावा व ५६,००० मुद्दल फिटते, ४४,००० उरतात. दुसऱ्या वर्षी परताव्यासह ४८,४०० देय होतात, पण येतात ७२,६००. म्हणजे भांडवलाचा मोबदला पूर्ण चुकवूनही २४,२०० पौंड उरतात. दोन वर्षांनंतरच्या या रकमेचे आजचे मूल्य २०,००० पौंड. हेच निव्वळ वर्तमान मूल्य.

ही रक्कम कोणाची? भांडवलावरील १० टक्के चुकते झालेले असल्यामुळे तिच्यावर भागधारकांखेरीज कोणाचा हक्क उरत नाही. रोख वाटून टाकली असती तर प्रत्येक भागामागे १० पौंड हाती आले असते आणि भाग ४० पौंडांचा उरला असता, एकूण ५०. यंत्र घेतल्यास उरलेले ४ लाख आणि यंत्राचे वर्तमान मूल्य १ लाख २० हजार मिळून ५ लाख २० हजार होतात, म्हणजे प्रत्येक भाग ५२ पौंडांचा. ही दोन पौंडांची वाढ म्हणजे भागधारकांची वाढलेली संपत्ती. पहिल्या यंत्राच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्गांनी ५० पौंडच पडतात. तेथे भागधारक श्रीमंतही होत नाही आणि गरीबही होत नाही.

फसगत होते ती हिशेबी नफ्यामुळे. पहिल्या यंत्रातून एकूण १,१५,५०० पौंड येतात. घसारा वजा जाता १५,५०० नफा दिसतो आणि संचालक तो अभिमानाने सांगू शकतात. परंतु तो सगळा भांडवलाचा मोबदलाच आहे. तेवढा भागधारकाने अन्यत्रही मिळवला असता.

दुसरी फसगत दराची. यंत्राची जोखीम जास्त असून योग्य दर १२ टक्के असेल, तर पहिल्या यंत्राच्या त्याच आवकेचे वर्तमान मूल्य सुमारे ९७,३०० पौंड भरते. नफा तोच दिसतो, पण भागधारकांची संपत्ती सुमारे २,७०० पौंडांनी घटते. बँक ६ टक्क्यांनी कर्ज देते म्हणून ६ टक्के दर लावणेही चुकीचे, कारण बँकेला आधी फेड मिळते आणि तोट्याचा पहिला भार भागधारकच सोसतो.

बाजाराला ही वाढ आधीच अपेक्षित असेल, तर घोषणेच्या दिवशी भागाचा भाव हलणार नाही. ती किंमत पूर्वीच त्यात धरलेली असते. शिवाय स्पर्धक तेच यंत्र आणून तीच वस्तू विकू शकत असतील, तर भाव उतरतात आणि अधिकची शिल्लक शून्याकडे सरकते. म्हणून एखादी कंपनी २०,००० ची शिल्लक दाखवते, तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, हे इतरांना का जमणार नाही? पेटंट, मोक्याची जागा, स्वस्त कच्चा माल असे ठोस उत्तर मिळाले नाही, तर ती शिल्लक बहुधा आवकेच्या फुगवलेल्या अंदाजातून आलेली असते.