एक आठवडा, एक विषय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. माझ्या भाचीची मुलगी लॉ करते. ती सध्या पनवेललाच माझ्याकडे आहे, कारण परीक्षा सात आठवड्यांवर आलीय. तिच्या क्लासवाल्यांनी उजळणीचा एक रंगीत तक्ता दिलाय. पहिला आठवडा करार, दुसरा अपकृत्य, मग संविधान, फौजदारी कायदा, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण आणि शेवटी दिवाणी प्रक्रिया. सात विषय, सात आठवडे. खटल्यांसाठी म्हणून रोज रात्री "वाचन, अर्धा तास".

दिसायला किती छान! पण दिवाणी प्रक्रिया संपेल त्या दिवशी करार कायद्याला हात लावून सहा आठवडे झालेले असतील. आणि खटले "वाचायचे" म्हणजे काय? वाचताना सगळंच ओळखीचं वाटतं. ओळखणं आणि आठवणं यात किती अंतर आहे ते परीक्षेच्या हॉलमध्येच कळतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगाने दाखवलंय. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

मी सुचवलेला तक्ता अगदी साधा आहे. रोज दोन विषय, प्रत्येकी दोन तास. सोमवारी करार आणि अपकृत्य, मंगळवारी संविधान आणि फौजदारी, बुधवारी पुरावा आणि मालमत्ता, गुरुवारी दिवाणी आणि पुन्हा करार, अशी साखळी. आठवड्यात चौदा जागा होतात, म्हणजे प्रत्येक विषय दोनदा येतो आणि मधे तीन-चार दिवसांचंच अंतर पडतं.

खटल्यांना मात्र सकाळची वेळ, पुस्तक उघडायच्या आधी. प्रत्येक विषयाचे आठ महत्त्वाचे खटले धरले तर छप्पन्न होतात. प्रत्येकाचं नाव एका चिठ्ठीवर लिहायचं. रोज विषय मिसळून आठ चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीला पाच मिनिटं. कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहायच्या: घडलं काय, प्रश्न कोणता होता, निकाल काय, आणि तो का. मग पुस्तक उघडून तपासायचं. चुकलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत, दोनदा बरोबर आलेली पंधरा दिवसांनी.

परवा तिला नानावटी खटल्याची चिठ्ठी आली. नौदलातला अधिकारी, पत्नीची कबुली, प्रेम आहुजा, तीन गोळ्या, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं... सगळं धडाधड लिहिलंन. पण "का" या ओळीपाशी पेन थांबलं. सिनेमावाल्यांना पुरेल एवढी गोष्ट तिला येत होती, परीक्षकाला हवा तो मुद्दाच नव्हता. बचाव असा होता की गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे हातून घडलं, म्हणून हा खून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो नाकारला. का? नानावटीने बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली आणि मग आहुजाचं घर गाठलं. दीडच्या सुमाराला घर सोडलं, गोळ्या सुटल्या चार-वीसला. मधल्या जवळजवळ तीन तासांत मन ताब्यात यायला पुरेसा वेळ होता. उत्तर त्या तीन तासांत आहे, ज्यूरीत नाही.

शिवाय हाच खटला पुराव्याच्या पेपरातही लागतो. गुन्हा सिद्ध करायचा तो सरकार पक्षानेच, पण आपण अपवादात बसतो हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. आठवडेवार तक्त्यात फौजदारी आणि पुरावा एकमेकांना भेटतच नाहीत, मग हे सुचणार कधी?

आणखी एक भानगड म्हणजे १ जुलै २०२४ पासून कायदेच बदललेत. निकालात दंड संहितेचं कलम ३०० असतं, ते आता भारतीय न्याय संहितेत १०१ आहे. पुरावा कायद्याचं १०५ नव्या अधिनियमात १०८ झालंय. तेव्हा चिठ्ठीच्या मागे दोन्ही आकडे हवेत, नाहीतर खटला आठवतो आणि कलम जुनं लिहिलं जातं.

"आजी, रोज चाळीस मिनिटं आठवण्यात घालवली तर वाचू कधी?" असं ती म्हणाली. अगं, पनवेलहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये सव्वा तास उभी असतेस ना? आठवायला पुस्तक लागत नाही, बसायला जागाही लागत नाही. सकाळी चुकलेल्या चिठ्ठ्या तिथे मनात घोळव.

अर्थात मुळात समजलाच नसेल असा खटला आठवून उपयोग नाही, तो आधी नीट वाचायलाच हवा. आणि दिवाणी प्रक्रियेत आठ खटले ओढूनताणून जमवण्यापेक्षा त्यातल्या काही चिठ्ठ्यांवर पायऱ्या लिहाव्यात: दावा, समन्स, लेखी जबाब, मुद्दे, पुरावा, हुकूमनामा. लेखी जबाबाला मुदत तीस दिवसांची आणि ती कुठवर वाढते, हेही न बघता लिहून काढावं. क्लासच्या तक्त्यात याला एक चौकोनसुद्धा नाही. रंग मात्र सात आहेत!