निष्ठा आहे, हिशेब नाही

“आमची वाडी पहिल्यापासून त्यांचीच.” रत्नागिरी तालुक्यात मताचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येते, आणि ते छाती पुढे काढून सांगितले जाते. या अभिमानाबद्दल मला आपल्या समाजाला जाब विचारायचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच निशाणीसमोरचे बटण दाबणे हा गुन्हा नाही. पण ज्याला मत दिले त्याला पाच वर्षांत एकदाही प्रश्न न विचारता पुन्हा तेच बटण दाबणे, हे नागरिकाचे वागणे नव्हे.

बहुतेक मतदार एकाच पक्षाला धरून राहतात, हे जगभर दिसते. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीतील त्याच त्या मतदारांना महिन्यामागून महिना भेटून विचारले. प्रचार ऐन भरात यायच्या आधीच निम्म्या लोकांचे मत ठरलेले होते. पुढे १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याचे कारण मांडले. पक्ष हा माणसाला बहुधा घरातून मिळतो, धर्मासारखा. एकदा तो आपला झाला की बातमीसुद्धा त्याच्याच डोळ्यांनी वाचली जाते. आपल्या पक्षाची चूक ‘परिस्थिती’ ठरते, दुसऱ्याची तीच चूक ‘भ्रष्टाचार’ ठरते.

आपल्या कोकणाला हे नवे नाही. जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये बॅ. नाथ पै यांना निवडून दिले आणि १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना. १९७१ ची इंदिरा लाट आणि १९८४ ची सहानुभूतीची लाट, दोन्ही या मतदारसंघाने परतवल्या. पक्षाची नावे बदलली, प्रजा समाजवादीचा जनता आणि जनताचा जनता दल झाला, तरी मतदार हलला नाही. मग १९९१ मध्ये ही साखळी तुटली आणि १९९६ पासून तिथे शिवसेना रुजली. त्यामागे मुंबई होती. गिरणीत राबणारा चाकरमानी मनीऑर्डरबरोबर शाखेचे वातावरणही गावी आणत होता. शिमग्याला आणि गणपतीला घरी आलेल्या मुलाने बापाचा पक्ष बदलला, आणि आज त्या मुलाची मुले तोच पक्ष ‘पहिल्यापासूनचा’ मानतात.

आता अगदी कालचे उदाहरण पाहू. मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी विधानसभा क्षेत्रात मशाल चिन्हाच्या विनायक राऊतांना कमळावरच्या नारायण राणेंपेक्षा सुमारे दहा हजार मते जास्त पडली. जागा मात्र सिंधुदुर्गाच्या बळावर राणेंनी जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच क्षेत्रातून धनुष्यबाणावरचे उदय सामंत मशालीच्या बाळ माने यांना सुमारे एक्केचाळीस हजारांनी हरवून निवडून आले. फरक एक्कावन्न हजारांचा. वर्तमानपत्रे लिहितात, ‘मतदार फिरला.’ पण एक मत इकडून तिकडे गेले की फरक दोनाने बदलतो. म्हणजे मतदान सारखेच झाले असे धरले, तर सुमारे पंचवीस हजार लोक हलले की एवढी उलथापालथ होते. पावणेदोन लाखांच्या आसपास मते पडणाऱ्या क्षेत्रात बाकीचे सगळे होते तिथेच राहिले, तरीही निकाल पालटतो.

तेही सगळे खरोखर फिरले का? मे महिन्यात इथल्या यंत्रावर धनुष्यबाणच नव्हता. आयुष्यभर तेच चिन्ह शोधणाऱ्याला मशाल किंवा कमळ यांतून निवडावे लागले. नोव्हेंबरात धनुष्यबाण परत आला आणि कमळ गेले. म्हणजे आपण ज्याला चंचलपणा म्हणतो, त्यातला काही भाग ही निष्ठाच आहे, फक्त तिचे बोट चिन्हावर आहे. शिवाय मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली आणि मतदानही थोडे वाढले. यातल्या कशाचा वाटा किती, हे बेरजेवरून कळत नाही, कारण बेरीज निव्वळ फरक सांगते. दहा इकडून गेले आणि दहा तिकडून आले, तर ती शून्य दाखवते.

नेत्यांची निष्ठा मात्र कधी बांधलेली नव्हती. सामंत २००४ आणि २००९ मध्ये घड्याळावर आमदार झाले, २०१४ मध्ये शिवसेनेत आले, २०२२ मध्ये शिंदे गटात गेले. त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे कमळावर लढलेले माने २०२४ मध्ये मशाल घेऊन उभे राहिले. राणे शिवसेनेतून काँग्रेसमध्ये, मग स्वतःचा पक्ष काढून भाजपमध्ये गेले. पक्ष बदलणे त्यांचा हक्क आहे. दोष आपला, कारण त्यांना ‘का?’ असे विचारणारी वाडी सापडत नाही. ज्याचे मत ठरलेलेच आहे, त्याच्यासाठी कुणी घाम गाळत नाही. निष्ठावान वाडीचा साकव पुढच्या पावसाळ्यावर जातो आणि ‘डळमळीत’ वाडीत खडी पडते.

म्हणून फिरणारा मतदार हा तारणहार आहे असेही समजू नका. लाझार्सफेल्डना आढळले की पक्ष बदलणाऱ्यांत राजकारणाची आस्था कमी असलेलेच जास्त होते. व्ही. ओ. की या अभ्यासकाने १९६६ मध्ये उलट दाखवले, की पक्ष बदलणारे पुष्कळ जण सरकारच्या कामाचा विचार करूनच बदलतात. दोन्ही माणसे आपल्यात आहेत. आदल्या रात्रीच्या पाकिटाने फिरतो तो विकला जातो आणि कामाचा ताळेबंद मांडून फिरतो तो नागरिक असतो.

सगळ्यात मोठा अपराध देवळाच्या सभामंडपात होतो. चार कर्ते पुरुष बसतात, वाडीचे मत ठरवतात आणि सुनेला, सासूला, नव्या मतदार मुलीला फक्त चिन्ह सांगितले जाते. जो ऐकत नाही त्याच्याशी पालखीच्या मानापासून पाण्याच्या पाळीपर्यंत वैर धरले जाते. ही दहशत टिकते, कारण निकाल केंद्रावार जाहीर होतो आणि कुठल्या वाडीने काय केले ते दुसऱ्या दिवशी कळते. मतपत्रिका मोजणीपूर्वी मिसळण्याची सोय नियमात होती. यंत्र आल्यावर निवडणूक आयोगाने अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव २००८ मध्ये मांडला. तो अजून अमलात आलेला नाही, आणि त्यासाठी आपण एक मोर्चाही काढलेला नाही.

तोवर निदान आपल्या हातातले करा. केंद्रावार मते ‘फॉर्म २०’ मध्ये छापलेली असतात. आज तो कागद पुढारी वाचतात, उद्या तुम्ही वाचा. गेल्या तीन निवडणुकांत आपल्या केंद्रावर कुणाला किती मते पडली ते लिहा, आणि शेजारी त्या काळात मागितलेली व झालेली कामे लिहा. तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा. मग हवे तर त्याच पक्षाला मत द्या, पण ते ठरवताना घरातल्या बाईला चिन्ह सांगू नका. मत तिचे आहे, वाडीचे नाही.