‘ढ’ म्हणण्याआधी तीन मुलं वेगळी ओळखा

गणितात नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा एकच असतो: ‘गणितात कच्चा’. वस्तीतलं मूल असेल तर त्या शेऱ्यामागे न लिहिलेलं आणखी एक वाक्य असतं, ‘यांच्या घरात वातावरणच नाही’. एकदा हे वाक्य मनात पक्कं बसलं की मूल तपासायची गरज उरत नाही. आमचं म्हणणं असं आहे की या एका शेऱ्याखाली तीन वेगळी मुलं दडपली जातात, आणि त्यातल्या एकाचा हक्क तर सरळ बुडतो.

पहिलं मूल आहे न शिकवलेलं. शाळा बुडाली, शिक्षक बदलले, आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जावं लागलं. त्याच्या पायऱ्या गळल्या आहेत. त्या भरल्या की ते चालू लागतं.

दुसरं मूल आहे घाबरलेलं. त्याला गणित येतं, पण फळ्यासमोर उभं केलं की येत नाही. गणित सोडवताना मधले आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात. ‘चुकलो तर हसतील’ हा विचार तीच जागा व्यापतो आणि हातचा एक निसटतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की ज्या मुलांना गणिताची तीव्र भीती वाटते, त्यांतल्या बहुतेकांची गणितातली कामगिरी साधारण किंवा चांगलीच असते. म्हणजे भीती आणि न जमणं या एकच गोष्टी नाहीत.

तिसरं मूल आपल्याकडे कुणी पाहतच नाही. त्याची अडचण संख्येशीच आहे. वाचन ठीक, गप्पा हुशारीच्या, गोष्ट सांगायला बसलं तर वर्ग ऐकत राहतो. पण ‘सात’ म्हणजे नेमकं किती, हे त्याला आतून चटकन जाणवत नाही. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. साधारण शंभरातल्या तीन ते सात मुलांमध्ये तो आढळतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात एक-दोन मुलं असू शकतात. तो जात पाहून येत नाही, आळसातून येत नाही आणि बुद्धी कमी असल्याचं लक्षणही नाही.

मग ओळखायचं कसं? अभ्यासिका चालवणाऱ्या कुणालाही जमेल अशी पाहणी आहे. हे निदान नाही, पुढची दिशा कळण्यापुरतं आहे.

सहावीतली एक मुलगी घ्या. ‘सत्तावन्न’ म्हटलं की 75 लिहिते. इथेच तिच्यावर शिक्का मारू नका, कारण मराठीच उलट बोलते. सत्तावन्नमध्ये सात आधी, पन्नास नंतर. एकोणतीसमध्ये तर चक्क वजाबाकी लपलेली. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘पन्नास सात’ अशी वाचनाची वाट सुचवली तेव्हा तिची खूप टिंगल झाली, पण अडचण खरी होती. म्हणून तिला ‘पन्नास सात’ म्हणून पाहा. आता 57 बरोबर लिहिलं तर गोंधळ शब्दाचा होता.

पुढे तिला एकांतात बसवा. घड्याळ नाही, ओरडणं नाही. कागदावर तीन-चार ठिपके दाखवा. बहुतेक मुलं एवढे ठिपके न मोजता सांगतात; ती बोट ठेवून एकेक मोजते का? 7 आणि 9 मध्ये मोठं कोणतं, हे विचारल्यावर थांबून मनात मोजते का? 8 + 7 करताना आठापासून पुढे न जाता पुन्हा एकपासून सुरू करते का? दुकानातून वीस रुपयांतले किती परत यायला हवेत, याचा ढोबळ अंदाज तिला येतो का?

भीती असलेल्या मुलाचं घड्याळ आणि प्रेक्षक काढून घेतले की उत्तरं सुधारतात. या मुलीचा हात थरथरायचा थांबेल, पण उत्तर तिथेच अडेल. फरक इथे दिसतो. मात्र दोन्ही एकत्रही असू शकतात, कारण वर्षानुवर्षं चुकणाऱ्याला भीती वाटणारच. तेव्हा भीती दिसली म्हणून मूळ अडचण नाही, असं समजू नका.

आणि न शिकवलेल्या मुलापासून वेगळं कसं करायचं? शिकवूनच. निदानाची अट हीच आहे की नीट मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे. आमचा आक्षेप इथे आहे. आमच्या पोरांना ती नीट मदत मिळतच नाही, म्हणून ‘शिकवलं नसेल’ एवढ्यावर विषय संपतो आणि तपासणीपर्यंत कुणी पोहोचत नाही. तेव्हा मदत आजपासून सुरू करा आणि तारीख घालून वहीत नोंद ठेवा: काय शिकवलं, काय जमलं, काय अडलं. हीच नोंद पुढे पुरावा ठरते.

मदत म्हणजे तीच उदाहरणं आणखी पन्नास वेळा देणं नव्हे. दहा घरांच्या दोन चौकटी काढा, पाचाच्या दोन ओळींत. एकीत आठ चिंचोके, दुसरीत सात. विचारा, पहिली भरायला किती हवेत? दोन. दुसरीतले दोन उचलून पहिलीत ठेवायचे. एक चौकट भरली, दुसरीत पाच उरले. दहा आणि पाच, पंधरा. हे हातांनी जमलं की तेच ठिपके काढून, मग फक्त आकड्यांत. घाई करून मधली पायरी गाळली की मूल पुन्हा बोटांवर येतं. 57 साठी काडेपेटीच्या काड्यांचे दहादहाचे पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या. पाढे पाठ नसतील तर तक्ता समोर ठेवा. रीत समजायला पाठांतराची अट नको. चौकटीची वही द्या, म्हणजे एकक-दशक सरकणार नाहीत. दहाऐवजी चार उदाहरणं, वेळ न मोजता. फळ्यावर बोलवायचं तर आधी जागेवर सोडवून घ्या.

एवढं करूनही सहा महिन्यांत फार फरक नसेल, तर सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी जा. साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं निदान करत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्कॅल्क्युलियाचं नाव आहे. प्रमाणपत्र मिळालं की मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, साधा कॅल्क्युलेटर अशा सवलती मागता येतात. कॅल्क्युलेटर बेरीज करून देतो. बेरीज करायची की वजाबाकी, हे मुलालाच ठरवावं लागतं. त्यामुळे ही फुकटची मेहेरबानी नाही.

ज्या घरांना हा शब्द माहीत आहे, तिथल्या मुलाला ‘अडचण आहे’ म्हणतात. ज्यांना नाही, तिथल्या मुलाला ‘ढ’. हीच मुलं दहावीत गणितात अडकतात, आणि मग त्यांनाच गुणवत्तेचं प्रवचन ऐकवलं जातं. आपल्या अभ्यासिकांत या आठवड्यात ठिपक्यांचा एक कागद आणि नोंदीची एक वही आणा. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना लेखी विचारा, या शाळेतल्या किती मुलांना तपासणीसाठी पाठवलं? उत्तर शून्य आलं, तर पुढचा प्रश्न मुलांना नव्हे, शाळेला विचारायचा.

जय भीम!