पाळीची वाट पाहू नका

आई मुलीला घेऊन आली की माझ्या ओपीडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. मुलगी पंधराची असेल तर, "साहेब, पोरगी अजून शहाणी नाई झाली." आणि सात-आठची असेल तर, "इतक्यातच शहाणी तं नाई होणार ना?" दोन्ही आयांची काळजी खरी आहे. पण दोघींचं लक्ष चुकीच्या जागी आहे. मुलगी वयात येते आहे की नाही, वेळेवर येते आहे की नाही, हे पाळीवरून ठरवायला गेलात तर दोन्ही बाजूंनी फसाल. कारण पाळी ही सुरुवात नाही. ती जवळजवळ शेवट आहे.

पाळीकडेच बघायची ही सवय जुनी आहे. ती वैद्यकशास्त्रातून आलेली नाही, लग्नातून आली आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला आणि 1884 ते 1888 मुंबईत तो खटला गाजला. पुढे 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा आला, तेव्हा पुण्यात त्याला जोरदार विरोध झाला. पहिल्या पाळीनंतर लगेच गर्भाधान व्हायला हवं, कायदा त्याच्या आड येतो, हा विरोधकांचा एक मुख्य मुद्दा होता. मुलीचं शरीर कुठवर वाढलंय हे कुणी विचारत नव्हतं, पाळी आली का एवढंच विचारत होते. रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाल्या. आपण मात्र सव्वाशे वर्षांनंतरही तोच प्रश्न विचारतो, आणि दुःख याचं की आमच्यापैकी कित्येक डॉक्टरही तोच विचारतात.

मग पाहायचं काय? बहुतेक मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण म्हणजे स्तनाची वाढ. 1969 साली मार्शल आणि टॅनर या डॉक्टरांनी तिचे पाच टप्पे मांडले आणि जगभर आजही तेच वापरतात. पहिला टप्पा बालपणाचा, म्हणजे वाढ नाही. दुसऱ्यात स्तनाग्राच्या खाली लहानशी, घट्ट, चकतीसारखी गाठ लागते आणि भोवतालचं काळसर वर्तुळ थोडं रुंद होतं. तिसऱ्यात हा उंचवटा वाढतो. चौथ्यात काळसर वर्तुळ त्या उंचवट्यावर वेगळं उचललेलं दिसतं. पाचवा टप्पा प्रौढ स्त्रीचा.

तुम्हाला पाचही लक्षात ठेवायची गरज नाही. दुसरा टप्पा कधी सुरू झाला ती तारीख तेवढी लक्षात ठेवा. घड्याळ तिथे सुरू होतं. पाळी त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते, आणि उंचीची मोठी झेप या दोन्हींच्या मधे असते. पाळी आल्यावर मुलगी एकूण पाच-सात सेंटिमीटरच वाढते. म्हणजे पाळी येईपर्यंत थांबलात, तर वाढीची गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

दोन मुलींची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिली सात वर्षं चार महिन्यांची. आईला आंघोळ घालताना सहा महिन्यांपूर्वी एका बाजूला गाठ लागली होती, मग दुसऱ्या बाजूलाही. एका ठिकाणी सांगितलं, "चरबी आहे, वजन कमी करा." दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "आजकाल सगळ्यांना लवकरच येतं." चरबी आहे की ग्रंथी हे कपड्यांवरून कळत नाही. आईसमोर मुलीला झोपवून बोटाने तपासावं लागतं. चरबी मऊ, पसरट लागते. ग्रंथी घट्ट, चकतीसारखी. हिची ग्रंथीच होती, टप्पा तिसरा. शाळेच्या कार्डावर वर्षापूर्वीची उंची 119 होती, आता 128. वर्षात नऊ सेंटिमीटर. या वयाला पाच-सहा अपेक्षित असतात. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवर हाडांचं वय साडेनऊ निघालं.

हिची उंची पाहून घरचे खूश होते. वर्गात सगळ्यात उंच! पण हाडं वेळेआधी पिकली की वाढीच्या पट्ट्या लवकर बंद होतात, आणि आज सगळ्यात उंच असलेली मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते. आठ वर्षांच्या आत दुसरा टप्पा सुरू होणं म्हणजे वेळेआधी वयात येणं. "आजकाल लवकर येतं" यात थोडं तथ्य आहे. सरासरी पुढे सरकली आहे, वजनदार मुलींमध्ये विशेष. पण सरासरी सरकली म्हणून पावणेसातची मुलगी सामान्य ठरत नाही. तिला नागपूरला पाठवलं. रक्तात एलएच वाढलेलं होतं, म्हणजे मेंदूकडूनच आदेश सुटले होते. एमआरआय सुदैवाने स्वच्छ निघाला. मुलींमध्ये बहुतेकदा तसाच निघतो, पण मुलगी सहाच्या आत असेल किंवा डोकेदुखी, नजरेचा त्रास असेल तर तो टाळू नये. आता तिला हे आदेश थोपवणारं इंजेक्शन सुरू आहे, दर तीन महिन्यांनी. योग्य वयाला ते बंद होईल आणि पुढचं सगळं आपोआप सुरू होईल.

दुसरी मुलगी पंधरा वर्षं आठ महिन्यांची. दहावीत. उंची 134. आई म्हणाली, "आमच्या घरी सारे बुटकेच हायेत, साहेब. लगन झालं का भरते सारं." मी आईची उंची मोजली, 152. वडिलांची 165. दोन्हींची बेरीज करून त्यातून 13 वजा करा आणि निम्मे करा. मुलीची अपेक्षित उंची 152 च्या आसपास येते. म्हणजे घर बुटकं नव्हतं, मुलगीच घरापेक्षा अठरा सेंटिमीटर खाली होती.

आणि आता खरी गोष्ट. ही मुलगी वर्षापूर्वी एका दवाखान्यात गेली होती. तिथे उंची मोजली नाही, स्तनाची वाढ पाहिली नाही. "पाळी आली नाही" एवढं ऐकून एकवीस गोळ्यांचं पाकीट तीन महिने दिलं. पाकीट संपलं की रक्तस्राव व्हायचा. घरात आनंद झाला. गोळ्या थांबल्या, पाळी थांबली.

हा रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे. बाहेरून दिलेली संप्रेरकं काढून घेतली की गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. अंडाशय काम करतं की नाही, हे त्यातून कळत नाही. उलट प्रश्न सुटल्याचं सोंग उभं राहतं आणि वर्ष वाया जातं. शिवाय स्तनाची वाढ होण्याआधीच असं पाकीट दिलं तर ती वाढ नीट होत नाही. तिची वाढ कशीबशी दुसऱ्या टप्प्यात होती, तीही बहुधा त्या गोळ्यांमुळे. एफएसएच तपासलं, खूप वाढलेलं. याचा अर्थ मेंदू ओरडून आदेश देतोय आणि अंडाशय ऐकत नाही. गुणसूत्रांच्या तपासणीत दोनऐवजी एकच एक्स निघाला. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला तो असतो.

हे पाच-सहा वर्षांची असताना नुसत्या उंचीवरून ओळखता आलं असतं. तेव्हा वाढीचं संप्रेरक दिलं असतं तर फायदा मोठा होता. आता हाडांचं वय तेरा झालंय, मिळाला तर थोडा. अकरा-बाराच्या सुमारास अगदी कमी मात्रेत इस्ट्रोजेन सुरू करून दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवायचं असतं, म्हणजे शरीर नैसर्गिक क्रमाने घडतं आणि हाडं मजबूत होतात. ते आता सुरू झालंय. हृदयाची इको आणि किडनीची सोनोग्राफीही केली, कारण या मुलींमध्ये तिथेही दोष असू शकतात. हे सगळं त्या पाकिटाने झाकून ठेवलं होतं.

म्हणून माझं भांडण त्या गोळीशी नाही. न तपासता गोळी लिहिण्याशी आहे. आणि "लगन झालं का होते" या वाक्याशी तर आहेच. लग्नाने अंडाशय जागं होत नाही. टर्नरच्या मुलीचं निदान सासरी, मूल होत नाही म्हणून होणं, ही तिच्यावरची दुहेरी शिक्षा आहे.

सगळ्याच उशिरामागे असा आजार नसतो. काही घरांत आईलाही उशिरा आलेली असते. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, कुपोषण आहे. दीर्घ आजारात शरीर वयात येणं लांबवतं. पण "घरात असंच आहे" हे तपासणीनंतर काढायचं अनुमान आहे, तपासणीऐवजी नाही.

मग बालरोगतज्ज्ञांकडे, आणि तिथून संप्रेरकतज्ज्ञांकडे केव्हा जायचं?

आठ वर्षं पूर्ण होण्याआधी स्तनाची वाढ सुरू झाली तर. अपवाद दोन-तीन वर्षांच्या आतल्या बाळांचा: त्यांच्यात लहान गाठ येते, उंची झपाट्याने वाढत नाही आणि ती बहुतेकदा आपोआप विरते. तिथेही डॉक्टरांना दाखवून दर तीन-चार महिन्यांनी मोजमाप करायचं.

तेरा पूर्ण झाली तरी दुसरा टप्पा सुरू नसेल तर.

वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली किंवा वय पंधरा झालं, तरी पाळी नसेल तर. यात दर महिन्याला पोट दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. रक्त आत साठत असू शकतं.

आणि एक कळकळीची सूचना. नऊ-दहाच्या मुलीला एकाच बाजूला दुखरी गाठ लागली तर घाबरून ती कापून घेऊ नका. सुरुवात अनेकदा एकाच बाजूने होते, दुसरी बाजू काही महिन्यांत येते. ती गाठ म्हणजेच उद्याचा स्तन. ती काढली तर तो पुन्हा येत नाही. कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. शाळेच्या कार्डावरच्या जुन्या उंची, आई-वडिलांची मोजलेली उंची, आईला पहिली पाळी कितव्या वर्षी आली ते, आणि मुलीची गाठ पहिल्यांदा कधी लागली तो महिना, एवढं एका कागदावर लिहून न्या. तज्ज्ञांचं निम्मं काम त्या कागदावर होतं. आणि डॉक्टरांनी मुलीची उंची न मोजता, तिला न तपासता पाकीट पुढे केलं, तर विचारा, "साहेब, टप्पा कितवा आहे?" उत्तर मिळालं नाही तर पाकीट तिथेच ठेवून उठा.