फोटोत छान दिसलेला कट पास करू नका

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पेट ग्रूमिंगचं दुकान टाकायचं म्हणून बरेच जण विचारतात, "मला स्वतःला क्लिपर चालवता येत नाही, ग्रूमर ठेवला तर चालेल का?" माझं मत असं आहे की चालेल, पण कट तपासता आलाच पाहिजे. जीन्स शिवता न येणारा कारखानदारही शिलाई उलटी करून बघतोच ना? इथे मात्र रिबन बांधली, परफ्यूम मारला, फोटो काढला की कट पास. ते बंद करा.

एक उदाहरण घेऊ. समजा, बदलापूरहून शिह त्झू आलाय. पावसाळा आहे, ताई म्हणतात, "केस छोटे करा, पण टक्कल नको." 'छोटे' म्हणजे किती? हे क्लिपर सुरू होण्याआधी ठरवा. ब्लेडचा नंबर जेवढा मोठा, तेवढे केस बारीक. ४ एफ ब्लेड साधारण ९ मिलिमीटर केस ठेवतं, ७ एफ साधारण ३ मिलिमीटर. ताईंना हवंय ते ४ एफ. पण कानामागे आणि काखेत कंगवा अडकतोय, म्हणजे तिथे जटा आहेत. जट असते कातडीला लागून, तिच्यातून ४ एफ जाणार नाही. मग दोनच रस्ते: जट थोडी असेल तर हळूहळू सोडवा. नमद्यासारखी झाली असेल तर तिच्याखालून ७ एफ किंवा १० नंबर घाला, आणि "इथे केस जास्त बारीक होतील" हे ताईंना आधीच सांगा. काम झाल्यावर सांगितलं की तो बहाणा वाटतो.

आता कट झाला. तपासणी कुत्रा उभा असताना करा; बसलेल्या कुत्र्याचे वर-खाली केस कळत नाहीत. आधी त्याला अंग झटकू द्या, चार पावलं चालू द्या. दाबून बसवलेले केस उठतात आणि खरा कट दिसतो. मग शेपटीकडून मानेकडे, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, कंगवा फिरवा आणि बाजूने बघा. पट्टे दिसले तर कारण शोधा. बहुतेक वेळा केस पूर्ण वाळवून, विंचरून सरळ न करताच क्लिपर लावलेला असतो, नाहीतर ब्लेड बोथट असतं. पोट आणि काखेची कातडीही बघा. लाली असेल तर ब्लेड तापलेलं असू शकतं. ग्रूमरने दर काही मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघायलाच हवं.

दुसरा, चेहरा. कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाका आणि समोरून बघा. दोन्ही डोळे पूर्ण दिसतात का? नाकाच्या वरचे केस डोळ्यात टोचतात का? शिह त्झूचे डोळे मोठे, बाहेर आलेले. एक केस टोचत राहिला तरी पाणी येतं, मग तो पंजाने चोळतो. गालांचा गोल दोन्हीकडे सारखा हवा. ग्रूमर काम करताना कात्रीचं टोक कुठे असतं तेही बघा. डोळ्याकडे टोक धरणारा माणूस कितीही गोल चेहरा काढो, माझ्या मते तो नापास. डोळ्याजवळ गोल टोकाचीच कात्री हवी.

तिसरा, पाय. इथेच सगळ्यात जास्त चोरी होते, कारण फोटोत तळवा येत नाही. चारही पंजे उचला. गाद्यांवर येणारे केस गाद्यांच्या पातळीत कापलेले हवेत. ते राहिले तर लादीवर कुत्रा घसरतो आणि पावसाळ्यात तिथे चिखल, ओल साचून कुत्रा पाय चाटत बसतो. पण गाद्यांच्या मध्ये खोल ब्लेड घुसवू नये, तिथली कातडी लगेच कापते. पंजा खाली ठेवल्यावर कड गोल हवी, एकही लट जमिनीवर लोळता कामा नये.

आणि एक मर्यादा. पॉमेरेनियन, स्पिट्झ यांची हीच तपासणी वेगळी. त्यांना दुहेरी केस असतात. "गरमी होते, पूर्ण काढा" असं मालक म्हणाले तरी नको म्हणा. कातडीपर्यंत काढलेले केस कधी कधी नीट परत येत नाहीत. तिथे फक्त पंजे, मागचा भाग नीट करा आणि खालचे मेलेले केस विंचरून काढा.

ही तपासणी टेबलावर पाच मिनिटांची आहे. ग्राहकासमोरच करा. पंजा उचलून ताईंना दाखवा. तुमच्याकडे पैसे कशाचे घेतात, हे त्यांना तेव्हाच कळतं.